९ इंची भिंत किती वजन पेलते? उत्तर फक्त विटांवर अवलंबून नाही

वसई-विरार पट्ट्यात जुन्या बैठ्या घरांवर मजला चढवायचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "खाली ९ इंची भिंत आहे, काही होत नाही." कॉलम-बीम नसलेल्या घरात सगळं वजन भिंतच घेते. म्हणून हे वाक्य जरा आकड्यांत तपासूया.

त्यासाठी भारतीय मानक IS 1905:1987 वापरलं जातं. सुरुवात विटेपासून. साधी ३.५ ग्रेडची वीट आणि १:५ सिमेंट-रेतीचा माल असेल, तर भिंतीच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर ०.३५ न्यूटन ताण चालतो. पण हा आकडा बुटक्या आणि बरोबर मधोमध दाबलेल्या भिंतीसाठी आहे. खऱ्या भिंतीत दोन गोष्टी तो कमी करतात.

१. सडपातळपणा

प्लास्टिकची फूटपट्टी उभी धरून वरून दाबा. ती चिरडत नाही, आधी बाजूला वाकते. तिचाच छोटा तुकडा मात्र वाकत नाही. भिंतीचंही तसंच, म्हणून उंची आणि जाडीचं गुणोत्तर काढतात:

`SR = h_eff / t`

वर-खाली आरसीसी स्लॅबने नीट धरलेल्या भिंतीची परिणामी उंची खऱ्या उंचीच्या ०.७५ पट धरतात. वरचं टोक मोकळं असेल तर १.५ पट.

३ मीटर उंच, २३० मिमी (९ इंची) भिंतीचं गुणोत्तर साधारण १० येतं आणि कोडच्या तक्त्यानुसार ताकद ०.८९ पट उरते. म्हणजे दर मीटर लांबीला ७.३ टन. तेवढ्याच उंचीच्या ११५ मिमी (साडेचार इंची) भिंतीचं गुणोत्तर २० होतं, गुणक ०.६२ आणि ताकद २.५ टन. जाडी निम्मी झाली, पण ताकद एक तृतीयांशच राहिली.

२. भार मध्यापासून किती सरकलाय

भार मधोमध न येता एका कडेकडे आला की त्या कडेवर दाब वाढतो आणि दुसऱ्या कडेवर कमी होतो. जाडीच्या १/६ भाग सरकला, की एका कडेवर दाब सरासरीच्या दुप्पट आणि दुसरीवर शून्य. त्याच्या पुढे गेलं तर दुसरी कड चक्क ताणली जाते, आणि वीटकाम ताण जवळपास घेतच नाही.

आता मजला चढवून बघू

समजा खोलीचा स्लॅब ३ मीटरचा आहे आणि तो खालच्या ९ इंची भिंतीवर पूर्ण रुंदीने टेकलाय. वरची भिंत साडेचार इंची आहे, पण बाहेरून पृष्ठभाग सरळ दिसावा म्हणून ती बाहेरच्या कडेला लावून बांधलीय. दोन्ही भिंतींच्या मध्यरेषांत ५७ मिमी अंतर पडलं.

दर मीटरचा ढोबळ हिशोब असा: पहिला स्लॅब ०.९ टन, वरची भिंत ०.७ टन, तिच्यावरचा स्लॅब ०.९ टन. एकूण २.५ टन. पहिला स्लॅब मधोमध आहे, बाकीचे १.६ टन कडेला. त्यामुळे एकूण भार मध्यापासून ३७ मिमी सरकतो, म्हणजे जवळपास जाडीच्या १/६. अशा सरकलेल्या भारासाठी कोड ताणात २५ टक्के सवलत देतो. ती धरूनही क्षमता ७.३ वरून ४.४ टनांवर येते. २.५ टन भार आहे, म्हणजे घर उभं राहतं आणि सगळ्यांना वाटतं, "बघा, काही झालं नाही."

आता त्याच पद्धतीने आणखी एक मजला. भार ४.१ टन झाला आणि तो ४५ मिमी सरकला. भिंतीचा काही भाग आता दाब घेतच नाही आणि क्षमता ३.९ टनांवर येते. खालची भिंत नापास. पहिल्या मजल्याची साडेचार इंची भिंत तर त्याआधीच हरलीय: तिच्या पायथ्याशी ३.२ टन येतात आणि मधोमध भार धरला तरी तिची क्षमता २.५ टनच आहे.

हाच ४.१ टन भार खाली मधोमध आला असता, तर ७.३ टनांची ९ इंची भिंत आरामात पेलली असती. वीट तीच, माल तोच, फक्त भाराची जागा बदलली.

या हिशोबात खिडक्या-दारं नाहीत. भिंतीची एक तृतीयांश लांबी उघडी असेल तर उरलेल्या भागावर दीडपट भार येतो. भूकंपही धरलेला नाही, आणि आपल्याच जिल्ह्यात डहाणू परिसरात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका झाली होती.

घरी काय बघाल?

ओळंबा सोडून भिंतीला फुगवटा आहे का पाहा. भार बाहेरच्या कडेला असेल तर स्लॅबखाली आतल्या बाजूने आडवी चीर दिसू शकते. उभ्या, रुंदावत जाणाऱ्या चिरा चिरडण्याची खूण असू शकतात. वीटकाम फारसं न वाकता अचानक तुटतं, त्यामुळे अशा चिरा प्लास्टरने बुजवू नका, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. मजला चढवण्याआधी त्यांना एवढंच विचारा: वरच्या आणि खालच्या भिंतीची मध्यरेषा एकच आहे का? नसेल, तर भार किती मिमी सरकतोय?