यंत्र घराखाली येण्याआधी

मुंबईची मेट्रो-३ कफ परेड ते आरे अशी ३३.५ किलोमीटर धावते, तीही जवळजवळ सगळी जमिनीखालून. गिरगाव-काळबादेवीत बोगद्याच्या वर जुन्या चाळी, दुकानं आणि देवळं आहेत. संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला, त्याआधी कित्येक वर्षं लोक खोदकामाच्या शेजारी राहिले. अशा कामात अभियंत्यांच्या आराखड्याइतकाच एक साधा तक्ता लागतो: कोणाला, काय, कशातून आणि किती वेळा सांगायचं.

तक्त्यातल्या काही ओळी सोप्या असतात. कर्ज देणाऱ्या संस्थेला दर तिमाहीला खर्च आणि प्रगतीचा अहवाल जातो. वाहतूक पोलीस आणि वॉर्ड ऑफिस यांना रस्ता बंद करण्याच्या बऱ्याच आधी नकाशासह पत्र मिळतं. व्यापाऱ्यांना एवढंच हवं असतं, की टेम्पो दारापर्यंत येणार का आणि दिवाळीच्या दिवसांत पत्रे हटणार का.

खरी कसोटी रहिवाशांच्या ओळीत लागते. तिथे ‘महिन्यातून एकदा बैठक’ असं लिहून भागत नाही. बोगदा खणणारं यंत्र दिवसाला दहा मीटरच्या आसपास सरकतं, म्हणजे वीस मीटर रुंदीच्या चाळीखालून ते दोन-तीन दिवसांत निघून जातं. बैठक पंधरा दिवसांनी असेल, तर भांडी थरथरली तेव्हा काय चाललं होतं ते नंतर कळून उपयोग काय?

म्हणून इथली वारंवारता यंत्राच्या अंतरावर बांधावी लागते. यंत्र लांब असताना घरोघरी पाहणी करायची, आधीपासूनच्या भेगांचे फोटो काढायचे आणि त्यावर रहिवाशाची सही घ्यायची. हे राहिलं, की पुढे प्रत्येक भेग वादाची होते. आठवडाभर आधी जिन्यात मराठी-गुजराती पत्रक लावायचं: यंत्र अंदाजे कधी येईल, भिंतीवरचं मोजपट्टीचं यंत्र कशासाठी आहे, रात्री फोन कोणाला करायचा. यंत्र खाली असेल त्या दिवसांत माणूस रोज चाळीत यायला हवा. कारण व्हॉट्सॲप ग्रुपवर म्हाताऱ्या भाडेकरूंपैकी बरेच जण नसतातच.

तक्ता फसतोय हे दोन खुणांवरून कळतं. हेल्पलाइनवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, किंवा रस्ता बंद होणार हे लोकांना आधी वर्तमानपत्रातून कळतं.

मात्र सांगण्यालाही मर्यादा असते. रात्रीच्या आवाजाचा वाद पत्रकांनी मिटला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने दक्षिण मुंबईत रात्री दहा ते सकाळी सहा काम थांबवायला लावलं. आवाज सोसवत नसेल, तर कामाची वेळच बदलावी लागते.

यंत्र पुढे गेलं म्हणून रहिवाशांची ओळ तक्त्यातून खोडायची नसते. जमीन खचते का, याची मोजणी त्यानंतरही चालू असते आणि ते आकडे सोसायटीच्या फलकावर लागेपर्यंत चाळीत कोणी निर्धास्त झोपत नाही.