धरणाचा आकडा दर पाच मिनिटांनी कशाला?

पावसाळ्यात कऱ्हाड-सांगलीकडे घरोघरी एकच प्रश्न असतो: कोयना किती भरली? पूर्वी उत्तरासाठी दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्राची वाट पाहावी लागे. आता पाणीपातळी, साठा, आवक आणि विसर्ग एकाच पडद्यावर, म्हणजे डॅशबोर्डवर, मांडता येतात. असा पडदा तयार करताना कधीतरी ठरवावे लागते की आकडे किती वेळाने बदलायचे. 'जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर' हे उत्तर सहज सुचते. माझ्या मते ते चुकीचे आहे, कारण घाईने नुसता खर्च वाढत नाही, काही आकडे खोटेही होतात.

आधी उन्हाळा घेऊ. कोयनेची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. समजा, आवक थांबली आहे आणि धरणातून फक्त २,१०० क्युसेक, म्हणजे सेकंदाला २,१०० घनफूट, पाणी सुटते आहे. दिवसभरात साठा जेमतेम ०.१८ टीएमसीने उतरेल. पडद्यावर टीएमसीचे दोन दशांश दाखवले, तर शेवटचा अंक बदलायला सुमारे ऐंशी मिनिटे लागतील. पाच मिनिटांनी पाहणाऱ्याला ओळीने पंधरा-सोळा वेळा तोच आकडा दिसेल. शिवाय या दिवसांतला निर्णय असतो सिंचनाच्या आवर्तनाचा, आणि तो तासागणिक होत नाही. रोज सकाळचे एक वाचन इथे पुरते.

पावसाळ्यात चित्र पालटते. निव्वळ आवक एक लाख क्युसेकवर गेली की साठा तासाला ०.३६ टीएमसीने चढतो. आता दिवसातून एकदा पाहणे घातक ठरेल. पण म्हणून पाच मिनिटांवर उडी मारावी का?

अडचण आवकेच्या आकड्यात आहे. धरणात येणारे सगळे पाणी थेट मोजता येत नाही, कारण ते अनेक ओढ्यानाल्यांतून आणि जलाशयावर पडणाऱ्या पावसातूनही येते. म्हणून दोन वाचनांमधला साठ्यातला फरक काढतात, त्याला मधल्या वेळाने भागतात आणि त्यात विसर्ग मिळवतात. साठा येतो पातळीवरून, आणि पातळी वाऱ्याच्या लाटांनी हलत असते. समजा, जलाशयाचा पसारा १०० चौरस किलोमीटर आहे आणि वाचनात एका सेंटिमीटरची चूक झाली. तेवढ्याने हिशेबात सुमारे साडेतीन कोटी घनफूट पाणी जास्त धरले जाते. ही चूक चोवीस तासांवर पसरली, तर आवक चारशे क्युसेकने चुकते. तासाभराच्या हिशेबात तीच चूक ९,८०० क्युसेकची होते, पंधरा मिनिटांच्या हिशेबात ३९,००० ची आणि पाच मिनिटांच्या हिशेबात लाखाच्याही वर जाते. पाऊस तोच, धरण तेच. पडद्यावर मात्र महापूर.

हा दोष ओळखता येतो. आवकेचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो, मध्येच उणे आवकही दाखवतो, आणि पर्जन्यमापक मात्र तसे काहीच सांगत नाही. अशा वेळी पातळी पंधरा मिनिटांनी नोंदवावी, पण आवक मागच्या तीन तासांवरून काढून तासाला एकदा दाखवावी. मग सेंटिमीटरची चूक सव्वातीन हजार क्युसेकवर येते. याची किंमतही आहे: आवक खरोखर एकाएकी वाढली, तर हा आकडा थोडा उशिराने चढेल. म्हणून पातळी ठरावीक मर्यादेवर गेली की अभियंत्याच्या फोनवर थेट इशारा जावा. त्याने पडद्यासमोर बसून राहावे अशी अपेक्षा ठेवू नये.

एक तास का, याचे उत्तर निर्णयात आहे. दरवाजे उचलण्याआधी प्रशासनाला कळवायचे असते, नदीकाठच्या गावांना सावध करायचे असते आणि विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. पाच मिनिटांनी बदलणाऱ्या आकड्यामागे दरवाजे तितक्या वेगाने हलवता येत नाहीत.

आणखी एक फसगत वेळेच्या शिक्क्याची. पडद्यावर 'अद्ययावत: १०.४५' असे लिहिलेले असते, पण ती फक्त पडदा ताजा झाल्याची वेळ असते. आतले वाचन सकाळी आठचेच असू शकते. मोजणारे यंत्र बंद पडले, तरी हे घड्याळ पुढे सरकत राहते आणि जुना आकडा नवा भासतो. म्हणून मोजणीची वेळ प्रत्येक आकड्याशेजारी छापावी, आणि ठरलेल्या वेळेत नवे वाचन आले नाही तर आकड्याचा रंग बदलावा.

नदीकाठी राहणाऱ्यांनो, पुढच्या पावसाळ्यात असा पडदा उघडाल तेव्हा आकड्याआधी तो कधी मोजला ते पाहा. ती वेळ दिली नसेल, तर संबंधित कार्यालयाकडे तिची मागणी करा.