धावताना विसरणारं, बसताना आठवणारं दुखणं

दोनशे मीटर धावणारी, तेविशीतली एक मुलगी डोळ्यांसमोर आणा. अशा धावपटूंच्या तक्रारी एकमेकींशी इतक्या जुळतात की एकीची हकिगत नीट समजून घेतली तरी पुष्कळ कळतं. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात तिचा सराव वाढला. ट्रॅकवरच्या धावांच्या जोडीला आठवड्यातून दोनदा टेकडीवर चढाच्या धावा आल्या, जिममध्ये डेडलिफ्टचं वजन वाढलं आणि अंग मोकळं राहावं म्हणून रोज सकाळी वाकून पायाचे अंगठे धरणंही सुरू झालं. महिन्याभरात डाव्या कुल्ल्याच्या खाली, आत खोलवर काहीतरी ठणकायला लागलं. एकदम कळ आली नाही की कधी काही तुटल्यासारखं वाटलं नाही. वॉर्मअपच्या पहिल्या दोन फेऱ्यांत ते बोचायचं आणि अंग तापलं की जायचं. संध्याकाळी एसटीच्या सीटवर अर्धा तास बसलं की मात्र एका बाजूवर कलावं लागायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालायला वाकलं की जागा नेमकी सापडायची.

घरचे म्हणाले, माकडहाड दुखत असेल. पण माकडहाड मधोमध असतं आणि हिचं दुखणं एका बाजूला होतं. मग कुणीतरी सायटिका म्हटलं. तिला दुखतंय कुठे असं विचारलं, तर तिनं एक बोट कुल्ल्याच्या घडीत, बरोबर बैठकीच्या हाडावर ठेवलं. नसेच्या दुखण्यात बहुधा अख्खा तळहात मांडीवरून पोटरीपर्यंत फिरतो. एका बोटानं दाखवता येणारी जागा ही या दुखण्याची मोठी खूण आहे.

कठीण बाकावर ताठ बसलो की खाली जी दोन हाडं टोचतात, त्यांच्यापासून मांडीमागचे तीन हॅमस्ट्रिंग स्नायू निघतात. स्नायूला हाडाशी जोडणारा चिवट पट्टा म्हणजे कंडरा. या मुलीच्या कंडरेचं हाडाजवळचं टोक बिघडलं होतं. वैद्यकीय भाषेत याला प्रॉक्झिमल हॅमस्ट्रिंग टेंडिनोपॅथी म्हणतात. स्नायू फाटणं हा वेगळा प्रकार आहे. त्यात धावपटू धावता धावता मांडीमागे हात नेऊन थांबतो आणि तो क्षण त्याला आठवत असतो. इथे तसा क्षण नसतो. कंडरेतल्या तंतूंची मांडणी आठवड्या-आठवड्यांनी विस्कटत जाते आणि दुखणं मागाहून कळतं.

वेगात धावताना पाय पुढे झेपावतो, गुडघा सरळ होऊ लागतो आणि पाऊल जमिनीला टेकण्याच्या जरा आधी हॅमस्ट्रिंगला त्या पुढे जाणाऱ्या पायाला लगाम घालावा लागतो. स्नायू लांबत असतो आणि लांबतानाच जोर लावत असतो. कंडरेवर सर्वांत जास्त ताण इथे येतो, आणि तो वेगाच्या प्रमाणात वाढत नाही. ऐंशी टक्के वेगावरून पूर्ण वेगाकडे जाताना तो भराभर चढतो. म्हणून जॉगिंगला तक्रार नसलेला पाय शर्यतीच्या वेगाला बोलतो.

पण नुसत्या ताणानं सगळा उलगडा होत नाही. जिल कुक आणि क्रेग पर्डम या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी 2012 साली कंडरेवरच्या दाबाचा मुद्दा ठळकपणे मांडला. विहिरीच्या काठावरून खाली सोडलेला दोर जिथे दगडावर वळतो तिथेच झिजतो. कंबरेतून पुढे वाकलं की हॅमस्ट्रिंगची कंडराही तशीच बैठकीच्या हाडावर वळते आणि दाबली जाते. ताण आणि दाब एकाच वेळी येणं तिला सर्वांत जड जातं. आता या मुलीचा ऑक्टोबर पुन्हा पाहा. चढावर धावताना धड पुढे झुकतं, डेडलिफ्टमध्ये वजन घेऊन वाकावं लागतं, आणि पायाचे अंगठे धरताना तर कंडरा हाडावर आवळलीच जाते. तीनही गोष्टी एकाच महिन्यात वाढल्या होत्या.

म्हणूनच या दुखण्यात सगळ्यांत जास्त नुकसान स्ट्रेचिंग करतं, असं माझं ठाम मत आहे. मांडीमागे आखडल्यासारखं वाटतं, म्हणून माणूस ओढून ताणतो. ताणल्यावर घटकाभर बरं वाटतं, म्हणून दुसऱ्या दिवशी जरा जास्त ताणतो. पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातलं हस्तपादासन, कट्ट्यावर टाच टेकवून पुढे झुकणं हे सारं पहिले काही आठवडे बंद ठेवायला हवं. मांडी घालून किंवा कठीण जागी फार वेळ बसणंही टाळावं. बसणं टळत नसेल तर मांडीखाली घडी केलेला टॉवेल असा ठेवावा की हाडाखालची जागा मोकळी राहील, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी उठावं.

मग पूर्ण विश्रांती घ्यावी का? तीही नको. महिनाभर काहीच केलं नाही तर दुखणं कमी होतं खरं, पण तेवढ्यात कंडरेची ओझं पेलायची ताकदही उतरते आणि पहिल्याच जोरदार धावेला सगळं परत येतं. कंडरेला भार लागतोच. प्रश्न एवढाच, की तो कोणत्या स्थितीत आणि किती द्यायचा.

सुरुवात न वाकता करायची. आमच्या मुलीला पहिले तीन आठवडे एकच मुख्य व्यायाम होता. उताणं झोपायचं, टाचा नेहमीच्या ब्रिजपेक्षा लांब ठेवायच्या, म्हणजे गुडघे थोडेसेच वाकलेले राहतात. टाचांवर जोर देऊन नितंब उचलायचे. खांदे, कंबर आणि गुडघे एका रेषेत आले की तिथेच 45 सेकंद थांबायचं. मांडीमागे थरथर सुटली पाहिजे, नाहीतर टाचा आणखी लांब न्यायच्या. मग दोन मिनिटं विसावा, आणि असं पाच वेळा, दिवसातून दोनदा. या स्थितीत कंडरेला ताण मिळतो, पण ती हाडावर दाबली जात नाही. या काळात सपाटीवरचं संथ धावणं चालू राहिलं. चढ आणि वेग मात्र बंद.

पुढचा टप्पा हालचालीचा. एका पायावर ब्रिज आणि पालथं झोपून लेग कर्ल, एक दिवसाआड. वजन उचलायला तीन-चार सेकंद आणि सोडायलाही तेवढेच. आधी पंधरा वेळा जमेल इतकं वजन, मग आठवड्यागणिक वाढवत जेमतेम आठ वेळा जमेल इतकं. इथे पुष्कळ फिजिओ आणि खेळाडू हात आखडता घेतात. रबरी पट्ट्याला महिनोन्‌महिने ओढत राहिल्यानं धावपटूच्या कंडरेत काही फरक पडत नाही. तिला खरं, जड वजन लागतं, फक्त ते पायरीपायरीनं यायला हवं. वाकण्याचे व्यायाम त्यानंतर येतात. हिप थ्रस्ट, लंज आणि सगळ्यांत शेवटी रोमानियन डेडलिफ्ट, तीही सुरुवातीला बार गुडघ्यांपर्यंतच उतरवून.

भार योग्य आहे की नाही हे व्यायाम करताना कळत नाही, कारण तापलेली कंडरा दुखणं लपवते. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. म्हणून रोज उठल्यावर एकच ठरलेली चाचणी करायची. ही मुलगी दुखऱ्या पायावर एक लांब ब्रिज करायची आणि शून्य ते दहामधला आकडा वहीत लिहायची. तीनपर्यंतचं दुखणं चालतं, पण ते चोवीस तासांत पूर्वीच्या पातळीवर आलं पाहिजे. सातव्या आठवड्यात तिचा आकडा कित्येक दिवस दोनवर होता. जिममध्ये डेडलिफ्ट हलकी वाटली, म्हणून तिनं त्याच दिवशी वजन दोनदा वाढवलं आणि बार पार पोटरीपर्यंत उतरवला. त्या वेळी काहीच दुखलं नाही. सकाळी आकडा पाच. पूर्वी असं झालं की ती आठवडाभर सगळं सोडून द्यायची. या वेळी दोन दिवस फक्त 45 सेकंदांचे ब्रिज धरले, आकडा दोनवर आला, आणि मग आधीच्या वजनावर, गुडघ्यांपर्यंतच्या हालचालीनं ती परत सुरू झाली. एवढ्यानं मागचे सात आठवडे वाया गेले नाहीत.

ट्रॅकवर परतण्याचा क्रमही याच दाबाच्या हिशेबानं लावायचा. आधी स्किपिंग आणि बाउंडिंग, मग सपाटीवर उभ्यानं सुरुवात करून साठ-सत्तर टक्के वेगाच्या छोट्या धावा. वेगाच्या दोन दिवसांमध्ये दोन दिवसांचं अंतर. पूर्ण वेग जमू लागल्यावर ब्लॉकमधून सुरुवात, कारण ब्लॉकवर कंबर खोल वाकलेली असते. टेकडी सगळ्यांत शेवटी. या सगळ्याला तीन ते सहा महिने लागतात. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे असं सांगणाऱ्या खेळाडूला हे ऐकवणं अवघड जातं, पण खोटी तारीख देण्यापेक्षा ते बरं.

स्पर्धा तोंडावर असली की स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा विषय निघतोच. त्यानं काही आठवडे दुखणं कमी होऊ शकतं, पण कंडरेची ताकद वाढत नाही, आणि न दुखणाऱ्या कमकुवत कंडरेवर पूर्ण वेगानं धावणं धोक्याचं आहे. एमआरआयच्या अहवालालाही एक मर्यादा आहे. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या कंडरेतही त्यात बदल दिसतात, आणि पूर्ण बऱ्या झालेल्या खेळाडूचा एमआरआय जुन्यासारखाच दिसू शकतो. अहवाल पाहून भार ठरवू नका, सकाळचा आकडा पाहून ठरवा.

ही सगळी रीत हळूहळू सुरू झालेल्या दुखण्यासाठी आहे. धावताना खट्‌ असा आवाज झाला, मांडीमागे काळंनिळं पडलं, पाय उचलवेना किंवा पायात मुंग्या येऊ लागल्या, तर व्यायामाच्या मागे न लागता लगेच अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा. कंडरा हाडापासून पूर्ण सुटली असेल आणि शस्त्रक्रिया लागणार असेल, तर ती लवकर केलेली बरी पडते. शाळकरी धावपटूंच्या पालकांनी आणि क्रीडाशिक्षकांनी आणखी एक लक्षात ठेवावं. तेरा-चौदापासून अठरा-एकोणीसपर्यंतच्या वयात बैठकीच्या हाडाचं हे टोक मुख्य हाडाशी पुरतं जुळलेलं नसतं. जोरदार स्प्रिंटमध्ये कंडरेऐवजी हाडाचा तुकडाच निघून येऊ शकतो, आणि तो साध्या एक्स-रेमध्ये दिसतो. या वयाच्या मुलाला तिथे अचानक कळ आली, तर ‘लचक भरली असेल’ म्हणून मालिश करू नका. आधी एक्स-रे काढून घ्या.