रेझ्युमेतली ओळ आणि तिच्यातला आकडा

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी लिहिलेल्या रेझ्युमेत प्रत्येक नोकरीखाली चार-पाच छोटे मुद्दे असतात. ‘ऑर्डर रिपोर्टच्या एपीआयची जबाबदारी सांभाळली’ हा त्यांतला नेहमीचा नमुना. यातून उमेदवाराकडे कोणते काम सोपवले होते, एवढेच कळते. ते काम त्याने कसे केले आणि त्यामुळे काय बदलले, हे कळत नाही. त्याच पदावरच्या कोणाच्याही रेझ्युमेत ही ओळ जशीच्या तशी चालून जाते.

गुगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी 2014 मध्ये अशा ओळीसाठी एक साचा सुचवला. त्यात तीन गोष्टी येतात: काय साधले, ते कशावरून मोजले आणि त्यासाठी नेमके काय केले. रेझ्युमे इंग्रजीत असला, तरी मजकूर जुळवण्याची रीत हीच राहते.

वरचाच नमुना या साच्यात बसवून पाहता येतो. समजा, एका कंपनीतले ऑर्डर रिपोर्टचे पान उघडायला फार वेळ लागत होता. डेव्हलपरने क्वेरींचा लॉग पाहिला. एका पानावर 200 ऑर्डर दिसत. त्यांची यादी आणायला एक क्वेरी आणि मग प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचे नाव आणायला एकेक, अशा 201 क्वेरी डेटाबेसकडे जात होत्या. त्याने जॉइन वापरून ही सगळी माहिती एकाच क्वेरीत आणली आणि ऑर्डरच्या तारखेवर इंडेक्स टाकला. बदलाआधीच्या आठवड्यात शंभरपैकी पंच्याण्णव वेळा पान 8 सेकंदांच्या आत उघडत होते. नंतरच्या आठवड्यात ही मर्यादा 1.2 सेकंदांवर आली. या मापाला पी-95 म्हणतात. आता ओळ अशी होते: ‘201 क्वेरींच्या जागी एक जॉइन आणि तारखेवर इंडेक्स वापरून ऑर्डर रिपोर्टचा पी-95 प्रतिसादवेळ 8 सेकंदांवरून 1.2 सेकंदांवर आणला.’

या ओळीत आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे आहेत. तेच यश ‘वेग 85 टक्क्यांनी सुधारला’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला मूळ स्थिती कळत नाही. 80 मिलिसेकंदांवरून 12 वर येणे हीसुद्धा 85 टक्के घट आहे, पण रिपोर्ट पाहणाऱ्याला तो फरक जाणवणारही नाही. शिवाय दोन आठवड्यांची तुलना तेव्हाच खरी ठरते, जेव्हा दोन्हींत वापर साधारण सारखा असतो. पहिल्या आठवड्यात सेल आणि दुसऱ्यात सुट्ट्या असतील, तर वेळ कोडमुळे कमी झाला की गर्दी ओसरल्यामुळे, हे सांगता येत नाही.

असे आकडे बहुधा आधीच कुठेतरी नोंदलेले असतात. प्रतिसादवेळ मॉनिटरिंगच्या डॅशबोर्डवर सापडतो, बिल्डला लागणारा वेळ सीआयच्या इतिहासात, तर रात्रीच्या अलर्टची संख्या ऑन-कॉलच्या नोंदींत. जुना डेटा बऱ्याच ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर पुसला जातो आणि नोकरी सोडल्यावर तो पाहताही येत नाही. म्हणून बदल करण्याआधीच मूळ आकडा टिपून ठेवावा लागतो. मात्र उलाढाल, ग्राहकसंख्या यांसारखे गोपनीय आकडे रेझ्युमेत येता कामा नयेत. तिथे प्रमाण किंवा ढोबळ आवाका पुरतो.

प्रत्येक आकडा परिणाम दाखवतोच असे नाही. कोडच्या किती ओळी लिहिल्या, किती तिकिटे बंद केली, हे श्रमाचे मोजमाप झाले; त्या श्रमातून काय निघाले, ते त्यात दिसत नाही. काही कामांचा आकडा मिळतच नाही. नव्या सिस्टिमला तुलनेसाठी ‘आधी’ नसते. अशा वेळी आवाका लिहावा: किती टीम ती वापरतात, दिवसाला किती विनंत्या येतात, कोणते हाताने करायचे काम त्यामुळे थांबले. अंदाज असेल तिथे ‘सुमारे’ लिहावे आणि तो कसा काढला, हे सांगता यायला हवे.

सर्वांत नाजूक प्रश्न श्रेयाचा असतो. सहा जणांनी मिळून सर्व्हरचा खर्च कमी केला असेल, तर बचतीची सगळी रक्कम एकाच्या नावावर लिहिणे मुलाखतीत उघडे पडते. ‘सहा जणांच्या टीमच्या खर्चकपातीत लॉग साठवण्याचा भाग हाताळला, त्या भागाचा मासिक खर्च निम्म्यावर आणला’ असे लिहिल्याने वाटा स्पष्ट होतो. मुलाखत घेणारा अशा ओळीवर बोट ठेवून साधारण तीन प्रश्न विचारतो: हे कसे मोजले, दुसरा कोणता उपाय पाहिला होता आणि यात तुमचे काम कोणते. ज्या ओळीवर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, ती सुधारावी किंवा काढून टाकावी.