झोपून उठल्यावर मनगट लोंबलं तर

हाताला मुंग्या येऊन जाग येते, हा अनुभव आपल्या सगळ्यांचा आहे. हात झटकला, जरा चोळला की पाच मिनिटांत बरं वाटतं. पण कधी कधी मुंग्या जातात आणि मनगट मात्र उचलतच नाही. घरात लगेच आरडाओरडा होतो, "लकवा मारला!" दर वेळी तो लकवाच असतो असं नाही. आज आपण त्याबद्दल बोलू.

आमच्या गटातल्या एका ताईंचं उदाहरण सांगतो. दिवसभर द्राक्षबागेत विरळणी आणि रात्री दवाखान्यात सासूबाईंजवळ, असे त्यांचे तीन दिवस गेले होते. तिसऱ्या रात्री सर्दीची गोळी घेऊन त्या खुर्चीतच झोपल्या. उजवा हात खुर्चीच्या पाठीवरून मागे लोंबत होता आणि खुर्चीची कड दंडात रुतत होती. पहाटे चहाचा कप धरायला गेल्या, तर पंजा खाली लटकलेला! मनगट वर होईना, बोटं सरळ होईनात, अंगठा बाहेर जाईना. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामध्ये, हाताच्या मागच्या बाजूला, बधिर लागत होतं.

झालं काय, तर मनगट आणि बोटं वर उचलण्याचा हुकूम नेणारी एक नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून खाली येते. ही रक्ताची नस नव्हे, हा मज्जातंतू. डॉक्टर त्याला रेडियल नर्व्ह म्हणतात. त्या वळणावर ती हाडाला अगदी लागून असते. बाहेरून खुर्चीची कड आणि आतून हाड, यांच्यामध्ये ती चेपली जाते. एरवी मुंग्या आल्या की आपण झोपेतच कूस बदलतो. पण अंग फार दमलेलं असेल, झोपेचा अंमल आणणारी गोळी घेतली असेल किंवा दारू प्यायलेली असेल, तर ती जाग येत नाही. शनिवारी रात्री पिऊन बाकावर झोपणाऱ्यांना हे व्हायचं, म्हणून इंग्रजीत याला 'सॅटर्डे नाइट पाल्सी' असं नाव पडलं. आमच्या ताईंनी तर थेंबही घेतला नव्हता!

डॉक्टरांनी त्यांना आधी हसायला सांगितलं, बोलायला लावलं, चालवून पाहिलं. तोंड वाकडं नव्हतं, बोलणं स्पष्ट होतं, पाय नीट पडत होता. खांदा उचलत होता, कोपर वाकत होतं आणि सरळही होत होतं. मग त्यांनी ताईंना आपली बोटं घट्ट धरायला सांगितलं. पकड ढिली आली. तेव्हा डॉक्टरांनी एका हाताने त्यांचं मनगट वर उचलून धरलं आणि पुन्हा दाबायला सांगितलं. आता पकड चांगली घट्ट आली. म्हणजे मूठ वळण्याची ताकद शाबूत होती, लोंबत्या मनगटामुळे ती लागत नव्हती. तुम्हीही आत्ता मनगट खाली वाकवून मूठ आवळून बघा, लगेच कळेल.

पण ही तपासणी डॉक्टरांनीच करायची. मेंदूच्या झटक्यात क्वचित नुसता पंजाही लुळा पडतो, आणि रक्ताची गाठ विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून हात अचानक लुळा पडला की "बघू संध्याकाळपर्यंत" म्हणू नका. तोंड वाकडं, बोलणं अडखळत, पायही ओढला जातोय, असं असेल तर सरळ १०८ ला फोन करा.

ताईंना औषध फारसं लागलं नाही. मनगट किंचित मागे उचलून धरणारी पट्टी मिळाली, तिला स्प्लिंट म्हणतात. ती बांधली की पळी, कप धरता येतो, आणि स्नायू ताणून राहत नाहीत. शिवाय दिवसातून तीन-चार वेळा डाव्या हाताने उजवं मनगट आणि बोटं हळूच सरळ करायची, म्हणजे सांधे आखडत नाहीत. शेजारच्या एकीने डाग देणाऱ्याकडे चला म्हणून फार आग्रह केला. ताई गेल्या नाहीत, ते बरंच झालं. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि जखम मात्र होते. गरम शेकाचंही तेच.

पाचव्या आठवड्यात मनगट थोडं उचललं, मग बोटं, सगळ्यात शेवटी अंगठा. नस तुटलेली नसते, तिच्यावरचं आवरण चेपलेलं असतं आणि ते भरून यायला वेळ लागतो. बहुतेकींचं काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत भरून येतं. तीन-चार आठवड्यांत काहीच हालचाल दिसली नाही, तर डॉक्टर नसेची विजेवरची तपासणी करायला सांगतात. ती पहिल्या एक-दोन दिवसांत करून उपयोग नसतो, कारण नस किती दुखावली हे तेव्हा नीट दिसत नाही. दंडाला मार लागून किंवा हाड मोडून मनगट पडलं असेल, किंवा हळूहळू दोन्ही हात पडत चालले असतील, तर ते दुखणं वेगळं. तिथे वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात जायचं.