घारापुरीचा रविवार आणि घारापुरीचा सोमवार

मुंबईच्या गेटवेहून लाँचने सुमारे तासाभराच्या अंतरावर असलेले घारापुरी बेट उरण तालुक्यात येते. येथील लेण्यांना 1987 मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर या बेटावरच्या तीन वस्त्या. एकेकाळी मासेमारी आणि भातशेती करणाऱ्या या वस्त्यांतील पुष्कळशा घरांची चूल आज पर्यटकांवर चालते. पण ती किती चालते, हे विक्रेत्यांच्या आणि गाइडच्या मुलाखतींतून काढायचे तर प्रश्न जपून विचारावे लागतात.

‘महिन्याला किती कमावता?’ हा सर्वांत निरुपयोगी प्रश्न. समोरचा माणूस सरकारी आहे असे वाटले की विक्रेता आकडा कमी सांगतो. पाहुणा आहे असे वाटले तर कधी वाढवूनही. शिवाय रोजच्या गल्ल्यावर चालणाऱ्या माणसाने महिन्याची बेरीज केलेलीच नसते. त्यापेक्षा काल काय झाले ते विचारावे. टपरी किती वाजता उघडली, पहिली भवानी कधी झाली, किती माळा आणि टोप्या खपल्या, गल्ल्यात किती पैसे जमले. कालचा दिवस माणसाला आठवतो.

मात्र तो दिवस कोणता होता, हेही महत्त्वाचे. लेणी सोमवारी बंद असतात, रविवारी गर्दी उसळते आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लाँचच सुटत नाहीत. समजा, लेण्यांकडे चढणाऱ्या सुमारे सव्वाशे पायऱ्यांच्या कडेला बसणाऱ्या एका बाईंची रविवारची विक्री 3,000 रुपये, शनिवारची 2,000 आणि मंगळवार ते शुक्रवार रोजची 800 रुपये आहे. आठवड्याची विक्री 8,200 रुपये झाली. अभ्यासकाने फक्त रविवार पाहून त्याला सातने गुणले असते, तर 21,000 रुपये मिळाले असते, म्हणजे खऱ्याच्या अडीच पट. विद्यार्थ्यांचे प्रकल्प नेमके इथेच फसतात, कारण त्यांनाही सुट्टी रविवारीच असते.

विक्री म्हणजे कमाई नव्हे. या बाईंच्या मालाची खरेदी विक्रीच्या साठ टक्के धरली तर 4,920 रुपये तिथेच गेले. माल आणण्याची हमाली आणि बोटीचे भाडे 300, रविवारी मदतीला घेतलेल्या मुलाचे 400 रुपये वजा केले की हातात उरतात 2,580. दगडी हत्ती, मुखवटे, माळा यांतला बहुतेक माल बेटावर बनत नाही. त्यामुळे पर्यटकाच्या खिशातून निघालेल्या रुपयाचा मोठा भाग आल्या लाँचने परत जातो. मक्याचे कणीस किंवा लिंबू-सरबत विकणाऱ्याकडे हा हिशोब वेगळा लागतो. त्यांच्या नुकसानीत माकडांनी पळवलेल्या मालाचीही भर असते. म्हणून ‘माल कुठून आणता?’ हा प्रश्न प्रत्येकाला विचारायलाच हवा.

गाइडकडे माल नसतो, त्यामुळे तिथे खर्चाऐवजी गिऱ्हाईक कुठून येते ते पाहावे लागते. धक्क्यावर स्वतः गाठलेला गट आणि मुंबईच्या एजन्सीने पाठवलेला गट यांचे पैसे सारखे पडत नाहीत. दुसऱ्यात मध्यस्थाचा वाटा असू शकतो. काल किती गट मिळाले, त्यांतले किती स्वतः शोधले, किती वेळ रिकामे बसावे लागले, एवढ्या तीन प्रश्नांत चित्र बरेच स्पष्ट होते. परवानाधारक आणि बिनपरवाना गाइड यांची उत्तरे मात्र एकत्र मिसळू नयेत.

टपरीवर बाई बसलेली असते आणि उत्तरे शेजारी उभा असलेला पुरुष देतो, असेही घडते. अशा वेळी बाईंशी वेगळे बोलणे जमवावे. ज्यांनी धंदा बंद केला, ते तर पायऱ्यांवर भेटतच नाहीत. त्यांना वस्तीत जाऊन गाठावे लागते. ते वगळले तर पर्यटनाने सगळ्यांचे भले केले, असाच निष्कर्ष निघणार.

बदलाचे श्रेय देतानाही घाई नको. फेब्रुवारी 2018 मध्ये समुद्राखालच्या केबलमधून बेटावर कायमची वीज पोहोचली. त्याआधी संध्याकाळचे काही तास जनरेटरवर भागत असे. विजेमुळे फ्रीज आणि थंड पेये आली, तर कमाई किती वाढली असे विचारता येते. पण पर्यटकांना बेटावर रात्री राहू दिले जात नाही, त्यामुळे संध्याकाळची शेवटची लाँच गेल्यावर त्या विजेचा मुक्कामी धंद्याला उपयोग होत नाही.

लांब मुलाखतींसाठी सोमवार सोयीचा, कारण विक्रेत्याला उसंत असते. गर्दी मोजायला रविवार आणि नेहमीचा धंदा पाहायला मधला एखादा वार घ्यावा. आकडे पडताळण्यासाठी प्रवेश तिकिटांची विक्री आणि लाँचच्या फेऱ्या यांची माहिती सोबत ठेवावी. हे तिन्ही वार न पाहता लिहिलेल्या अहवालातल्या सरासरी कमाईवर विश्वास ठेवू नये.