दोन झरे, एक भाव

फ्रेंच गणिती ऑगस्टीन कूर्नो यांनी १८३८ साली खनिज पाण्याचे दोन झरे आणि त्यांचे दोन मालक कल्पून बाजाराचं गणित मांडलं. दोघांचं पाणी सारखंच. आज किती पाणी विकायला आणायचं एवढंच प्रत्येक जण ठरवतो. भाव ठरतो तो एकूण आवकेवर. कूर्नोंनी खर्च शून्य धरला होता. आपण पहिल्याला लिटरमागे १० रुपये आणि दुसऱ्याला १५ रुपये खर्च येतो असं धरू.

मागणी अशी, की भाव काहीही असो, लोक पाण्यावर रोज एकूण १००० रुपयेच खर्च करतात. म्हणजे मागणीची लवचिकता एक, आणि ती सगळ्या भावांना तेवढीच.

झरा एकच असता तर? विक्रीची रक्कम ठरलेली असताना जास्त पाणी काढून खर्च कशाला वाढवायचा? मालक पुरवठा घटवत जाईल, भाव चढत जाईल आणि उत्तर कुठे थांबणारच नाही. दुसरा मालक येताच मात्र उत्तर सापडतं, आणि मला हीच या गणितातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. आता ते हजार रुपये वाटले जाणार असतात आणि वाटा हवा तर पाणी आणावंच लागतं.

आणखी एक लिटर आणलं की त्याचे पैसे मिळतात, पण भाव किंचित उतरतो आणि त्याची झळ आपल्या सगळ्या विक्रीला बसते. बाजारातला आपला वाटा जितका मोठा, तितकी झळ मोठी. म्हणून जादा लिटरची खरी मिळकत ‘भाव × (१ − आपला वाटा)’ एवढीच असते. ती लिटरच्या खर्चाइतकी झाली की मालक थांबतो. नफ्याचा अवकलज शून्य, ही पहिल्या क्रमाची अट ती हीच.

भाव × (१ − पहिल्याचा वाटा) = १०
भाव × (१ − दुसऱ्याचा वाटा) = १५

दोन्ही ओळींची बेरीज करा. वाटे मिळून एक होतात, म्हणून डावीकडे नुसता भाव उरतो: २५ रुपये. तो पुन्हा वरच्या ओळींत घातला की पहिल्याचा वाटा ६० टक्के आणि दुसऱ्याचा ४० टक्के निघतो. हजार रुपयांत ४० लिटर खपतं. पहिला २४ लिटर विकून ३६० रुपये कमावतो, दुसरा १६ लिटर विकून १६०. महाग झराही टिकतो, कारण भाव दोघांच्या खर्चाची बेरीज असल्याने कुणाच्याच खर्चाखाली जात नाही.

लवचिकता दोन असेल तर ही हमी राहत नाही. तेव्हा अटीतला वाटा निम्मा धरायचा, आणि भाव खर्चांच्या बेरजेला दीडने भागून येतो. आपल्या झऱ्यांसाठी तो सुमारे १६ रुपये ६७ पैसे. दुसऱ्याचा वाटा घसरून २० टक्क्यांवर येतो. त्याचा खर्च २० रुपये झाला तर भावही २० निघतो आणि त्याचा वाटा शून्य होतो. खर्च त्याहून वाढला तर समीकरणं उणे वाटा दाखवतात. असं दिसलं की ते उत्तर सोडून द्यावं आणि पहिल्याला एकटा विक्रेता धरून गणित नव्याने मांडावं. लवचिकता दोन असताना तो आपल्या खर्चाच्या दुप्पट, म्हणजे २० रुपये भाव ठेवतो.